पाकिटाला टाचलेली चिठ्ठी

पुंडलिकनगरच्या ज्या लॅबमध्ये मी अकरा वर्षं रक्त काढलं, तिथं रिपोर्ट न्यायला आलेला माणूस काउंटरवर एकच प्रश्न विचारायचा, "काय निघालं?" आम्ही जणू बोअर मारत होतो आणि पाणी लागलं की नाही एवढंच त्याला ऐकायचं होतं. त्याचंही चुकत नव्हतं. ते दिवसच बोअरचे होते. वस्ती वाढत होती, प्रत्येक नव्या बिल्डिंगच्या पायाआधी बोअरची गाडी येऊन उभी राहायची, दिवसभर धडधड, आणि बहुतेक वेळा खालून नुसती पांढरी भुकटी वर यायची. नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी. बाकी सगळा टँकरचा कारभार.

पाणी आटत होतं, पण लॅबा मात्र वाढत होत्या. प्रत्येक दवाखान्याशेजारी एक. मग स्पर्धा आली, आणि स्पर्धेतून 'फुल बॉडी पॅकेज' आलं. पूर्वी डॉक्टर दोन तपासण्या लिहायचे आणि आम्ही एका कागदावर दोन आकडे द्यायचो. आता साठ-सत्तर आकडे, आठ-नऊ पानं, गुळगुळीत पाकीट. पाकीट हातात घेतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मला कायम एकच भाव दिसायचा. दहावीचा निकाल लागलाय, पण तो इंग्रजीत आहे.

चिठ्ठ्या तिथून सुरू झाल्या. एकदा भाजीची गाडी लावणारे एक चाचा रिपोर्ट उलटासुलटा करत माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाजी, इतना कौन पढ़ेगा? खराब क्या है वो लिख दो, और डॉक्टर को क्या पूछना वो लिख दो." मी पॅडचा कागद फाडला, त्यावर तीन ओळी लिहिल्या आणि पाकिटाला टाचून दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजाऱ्याला पाठवलं. महिन्याभरात लोक काउंटरवर येऊन विचारायला लागले, त्या चिठ्ठीवाल्या ताई आहेत का.

मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, लई आवडायचं. डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, झालेल्या बाईला या जगात कुणी काही विचारत नाही. डॉक्टर तिच्याकडून ट्यूब घेतात, पेशंट तिच्याकडून सुई घेतात, आणि दोघंही तिच्या तोंडाकडे बघत नाहीत. चिठ्ठीमुळे लोक माझ्याकडे बघायला लागले. मीही मग त्यात हात बसवला. कोलेस्टेरॉलचे पाच आकडे असले तरी ओळ एकच. लिव्हरचे आठ असले तरी ओळ एकच. ज्या आकड्यापुढे मशीन जास्त किंवा कमीची खूण करून ठळक छापतं, त्यातले कुठले खरे महत्त्वाचे आणि कुठले एखाद्या दशांशानं बाहेर गेलेले, ते मी निवडायची. 'काय विचारायचं' हे शेवटी. आणि घाबरट माणसं रात्रभर झोपायची नाहीत म्हणून सगळ्यात खाली एक ओळ टाकायची, 'बाकी सगळं ठीक.'

निवडायचं म्हणजे काहीतरी सोडायचं, हे ओघानं आलंच. एका पेन्शनर आजोबांना मी एकदा 'प्रोटीन किंचित जास्त' असं लिहून दिलं होतं. त्यांनी डाळ सोडली, अंडी सोडली, पंधरा दिवसांत गळून गेले आणि त्यांची सून लॅबमध्ये येऊन मला बोलून गेली. वास्तविक रक्तातल्या प्रोटीनचा आणि ताटातल्या डाळीचा असा सरळ संबंध नसतो. पण हे तीन ओळींत कसं सांगणार? त्यानंतर प्रोटीन जास्त आलं तर मी ते चिठ्ठीवर घ्यायचंच सोडून दिलं. उन्हाळ्यात ते बऱ्याच जणांचं जरासं वर यायचंच. अंगात पाणी कमी असलं की रक्त घट्ट होतं आणि त्यातलं सगळंच थोडं जास्त दिसतं. शहरात पाणी नव्हतं आणि माणसांतही नव्हतं, इतका तो सरळ हिशोब होता.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम चिठ्ठ्यांबद्दल एकदाच बोलल्या. लिहितेस ते वाईट नाही, पण खाली हेही लिहीत जा की पूर्ण रिपोर्ट डॉक्टरांना दाखवावा. मी महिनाभर लिहिलं. मग हात दुखायला लागला, गर्दी वाढली, आणि इतकं तर कुणालाही कळतं असं म्हणून सोडून दिलं. कुणालाही काही कळत नसतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे आमच्यापैकी कुणाचंच लक्ष गेलं नाही. मशीनचे आकडे दुपारी चारपर्यंत कॉम्प्युटरवर यायचे. मॅडम दुसऱ्या हॉस्पिटलचं काम उरकून सहाला यायच्या, एकेक रिपोर्ट बघायच्या, गरज असेल तिथं खाली स्वतःचा शेरा टाकायच्या आणि सही करायच्या. साडेसहाला काउंटरवर झुंबड उडायची. तेव्हा चिठ्ठ्या लिहायला सवड कुठली? म्हणून मी पाचलाच पडद्यावरचे आकडे बघून चिठ्ठ्या लिहून ठेवायची. रिपोर्ट छापून आला की पाकिटात आणि चिठ्ठी वरून टाचून. म्हणजे मॅडमनी रिपोर्ट बघण्याआधीच माझी चिठ्ठी तयार असायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं, आणि गाडं रुळावर असलं की रूळ कोण तपासतं?

माझी अक्का मुकुंदवाडीला राहायची, स्टेशनपासून आत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझ्या वेण्या अक्कानंच घातल्या, आणि माझं शिक्षण व्हावं म्हणून स्वतःची शाळा सातवीला सोडली ती पण अक्कानंच. दाजी एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होते. लेक लग्न होऊन गेलेली. त्यामुळे टँकरचं पाणी गल्लीच्या तोंडापासून दुसऱ्या मजल्यावर चढवायचं काम अक्काचं. त्या उन्हाळ्यात तिची कंबर दुखायला लागली. कुणाची दुखत नव्हती? आख्ख्या गल्लीतल्या बाया कंबरेवर हात ठेवूनच बोलायच्या. शेजारणीच्या सांगण्यावरून ती कॅल्शियमच्या गोळ्या खात होती. पण तिला थकवाही येत होता, जिना चढताना मध्येच बसायची, म्हणून मीच म्हटलं की एकदा सगळं तपासून घेऊ. पॅकेज लावू.

रक्त मीच काढलं. तिनं मान दुसरीकडे वळवली आणि म्हणाली, "लहानपणी मी तुझा काटा काढताना तू किती रडायचीस, अन् आता बघ." सुई एका फटक्यात गेली. मला त्याचाही अभिमान वाटला होता.

संध्याकाळी पाचला मी तिचे आकडे पडद्यावर पाहिले. आठ पानांचे आकडे, त्यातले अकरा ठळक. हिमोग्लोबिन नऊ पॉइंट एक, कमी. ईएसआर एकशे अठरा, म्हणजे खूपच जास्त. किडनीचं क्रिएटिनिन एक पॉइंट पाच, थोडं वर. कॅल्शियम जरासं वर. आणि पाचव्या पानावर एकूण प्रोटीन नऊ पॉइंट चार, त्यात अल्ब्युमिन कमी, ग्लोब्युलिन जवळजवळ दुप्पट. मी हे सगळं बघितलं. नजरेतून सुटलं असं मला कधीच म्हणता येणार नाही. मी बघितलं आणि ठरवलं. मी तिला जे लिहून दिलं ते मला आजही अक्षरासकट आठवतं.

हिमोग्लोबिन कमी आहे. लोहाच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या, विचार.
ईएसआर जास्त. अंगात कुठं सूज किंवा इन्फेक्शन आहे का, विचार.
कॅल्शियम थोडं जास्त. कंबरेसाठीच्या गोळ्या बंद करायच्या का, विचार.
क्रिएटिनिन थोडं वर. पाणी कमी पडतंय. दिवसाला तीन लिटर पाणी पीच.
बाकी सगळं ठीक.

प्रोटीनची ओळ नव्हती. पाण्याची कमी म्हणून वाढलंय, असं मी धरून चालले. आता हे वाचणाऱ्या कुणा विद्यार्थ्याला वाटेल की ही बाई शिकली तरी काय? बरोबर वाटेल. पाणी कमी पडून प्रोटीन वाढलं तर अल्ब्युमिनही वाढतं, कारण घट्ट झालेल्या रक्तात सगळंच वाढतं. इथं अल्ब्युमिन खाली आणि ग्लोब्युलिन आकाशाला. म्हणजे अंगात कुठंतरी एकाच जातीचं प्रोटीन बेसुमार तयार होत होतं. त्याच्या जोडीला रक्त कमी, किडनीचा आकडा वर, कॅल्शियम वर, ईएसआर शंभराच्या पुढे आणि हाडं दुखतायत. हे चार-पाच धागे एकत्र धरले की हाडाच्या मगजाचा एक कॅन्सर समोर उभा राहतो, आणि तो आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवलेला होता. मी ते धागे एकत्र धरले नाहीत. मी त्यांच्या वेगवेगळ्या ओळी केल्या आणि प्रत्येक ओळीला दुष्काळातलं एकेक साधं कारण जोडून दिलं. परक्या बाईचा रिपोर्ट असता तर कदाचित थांबले असते. अक्काचा होता. अक्काला काही होणार नव्हतं.

त्या दिवशी मला घरी लवकर जायचं होतं. मी चिठ्ठी काउंटरवरच्या मुलीकडे दिली, रिपोर्ट आला की टाचून दाजींना दे म्हणाले आणि निघाले.

अक्का तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांच्याकडे संध्याकाळी पन्नास-साठ पेशंट बसलेले. तिनं पाकीट पुढे केलं, आणि त्यांनी पाकीट न उघडता वरची चिठ्ठी वाचली. ती मला नंतर कौतुकानं सांगत होती की डॉक्टर म्हणाले, हे बरं आहे, कुणी लिहिलं? बहीण लॅबमध्ये आहे म्हटल्यावर ते म्हणाले की मग प्रश्नच मिटला. लोहाच्या गोळ्या दिल्या, कॅल्शियम बंद केलं, कंबरेसाठी दुखणं थांबवायच्या गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ. माझ्या चिठ्ठ्या आसपासच्या दवाखान्यांत चालायला लागल्यात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा, की डॉक्टर लोक आता माझ्या चिठ्ठीवर औषध देतात.

आणि अक्का पाणी प्यायला लागली. माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं ना, मग ते देववाणीच. तीन लिटर म्हणजे तिच्या मापानं जवळपास पाव कळशी. टँकरवाल्याचा कार्डावरचा कोटा ठरलेला, त्यात घरचं भागत नव्हतं, म्हणून ती मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या टँकरपाशी रोज एक जास्तीची कळशी भरायला लागली. दुखऱ्या कंबरेवर ती कळशी घेऊन दोन जिने. मी एकदा गेले तेव्हा ती जिन्यात बसलेली होती, घामाघूम, कळशी शेजारी. मी म्हटलं, एवढं कशाला उचलतेस? तर हसून म्हणाली, "तूच तं लिहिलंय, पीच म्हणून. पीच लिहिलंय तू, पी नाय."

साडेतीन महिने गेले. दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या, आणि त्याच गोळ्या तिच्या किडनीचं उरलंसुरलं वाटोळं करत होत्या. लोहाच्या गोळ्यांनी रक्त वाढत नव्हतं. मी म्हणायची, लागतो वेळ. तिच्या तोंडाची चव गेली, पायावर सूज आली. मी म्हणायची, उन्हाळा आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण माझ्या बाबतीत दिवा होता असं म्हणणंसुद्धा जास्तच होईल. मग एका सकाळी टँकरपाशी कळशी उचलताना तिच्या पाठीत काहीतरी कट्कन झालं आणि ती तिथंच खाली बसली. उठता येईना. गल्लीतल्या बायांनी तिला रिक्षात घातलं.

मी मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचले तोवर एक्स-रे काढला होता, पाठीचा एक मणका दबलेला, आणि बाकीच्या हाडांत उंदरानं कुरतडल्यासारखी भोकं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं की आधीचे काही रिपोर्ट आहेत का. अक्का स्ट्रेचरवर पडलेली. तिनं पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली माझी चिठ्ठी काढली आणि त्यांच्या हातात दिली. डॉक्टरांनी ती वाचली, उलटी करून बघितली आणि म्हणाले, "हे नको मावशी, रिपोर्ट कुठाय?"

दाजी घरून पाकीट घेऊन आले. पाकीट अजून उघडलेलं नव्हतं. चिठ्ठी काढून घेताना अक्कानं वरची पिन नीट ओढून काढली होती, तिची दोन भोकं दिसत होती. पण पाकिटाच्या तोंडाची चिकटपट्टी तशीच होती. साडेतीन महिने ते फ्रीजवर पडून होतं. डॉक्टरांनी ते माझ्यासमोर फाडलं आणि पानं उलटत पाचव्या पानावर थांबले. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. आकड्यांच्या खाली, मॅडमच्या सहीच्या वर, दोन ओळी होत्या, ज्या मी लिहिताना पडद्यावर नव्हत्या. ग्लोब्युलिन लक्षणीय वाढलेले. प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस तातडीने करून घ्यावे, रक्तविकारतज्ज्ञांना दाखवावे.

मॅडमनी संध्याकाळी सहाला ते बघितलं होतं आणि त्याच संध्याकाळी लिहिलं होतं. त्या ओळी छापल्या गेल्या, पाकिटात गेल्या, आणि त्या पाकिटावर मी माझ्या हातानं झाकण लावलं होतं, बाकी सगळं ठीक.

डॉक्टरांनी विचारलं, "ही चिठ्ठी कुणी लिहिली?" मी सांगितलं, मी. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त नवं रक्त काढायला सांगितलं. क्रिएटिनिन आता सातच्या वर होतं.

मी दुसऱ्या दिवशी मॅडमपुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी कॉम्प्युटरवर तो रिपोर्ट काढून बघितला, बराच वेळ बघितला. ती पेशंट तुझी बहीण होती हे मला माहीत नव्हतं, म्हणाल्या. आणि मग एवढंच, की मी लिहिलं होतं गं. त्या मला दोष देत नव्हत्या, मला वाटतं स्वतःला सांगत होत्या. त्या दिवसापासून चिठ्ठ्या बंद झाल्या. काउंटरवर येऊन लोक विचारायचे, ताई, चार ओळी लिहून द्या ना, आणि मी म्हणायची, डॉक्टरांना पूर्ण रिपोर्ट दाखवा. लोकांना वाटलं मला गर्व झाला. पण मागं किती पाकिटं न उघडता पडून राहिली असतील, ते मी आजही मोजत नाही. एकदा मोजायला बसले होते. भाजीवाल्या चाचांपर्यंत आले आणि उठले.

अक्काचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा, आणि कॅन्सरची औषधं. तिथं तिला पहिल्याच दिवशी बजावलं की आता लघवी नीट होत नाही, तेव्हा पाणी मोजून प्यायचं, दिवसाला एक बाटली, चहा-वरणासकट. त्याच आठवड्यात तिच्या गल्लीत नवी पाइपलाइन आली. दोन दिवसांआड नळाला पाणी सुटायला लागलं, बाया धो-धो भांडी धुवायच्या, आणि अक्का खिडकीशी बसून बाटलीच्या झाकणानं पाणी प्यायची. मी गल्लीतला तो नळ बंद करायला उठायची. वाहणाऱ्या पाण्याचा आवाज मला सहन व्हायचा नाही. ती म्हणायची, वाहू दे की, कान भरून तरी पिते.

एका डायलिसिसच्या वेळी मी तिला सांगितलं. बाजूला मशीन फिरत होतं, नळीत तिचं रक्त. मी म्हटलं, अक्का, ते माझ्या हातून झालं. आत लिहिलेलं होतं, मी वर ठीक लिहिलं. ती डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "म्हायतीय मला. ह्यांनी तवाच सांगितलं." मग, "तू काय मुद्दाम केलं व्हय?" आणि नर्सला पांघरूण मागितलं. मला वाटलं होतं, सांगितल्यावर काहीतरी हलकं होईल. काही झालं नाही. डॉक्टरांना मी एकटीनं गाठून विचारलं होतं, तेव्हाच कळलं असतं तर काय? ते म्हणाले, आजार तोच राहिला असता, पण किडनी बहुधा वाचली असती, औषधं जोमानं देता आली असती, काही चांगली वर्षं मिळाली असती. किती, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही पुढे विचारलं नाही. मीच लोकांना शिकवायची, काय विचारायचं ते.

दाजी माझ्याशी बोलायचे, पण फक्त कामाचं. डबा आणला का, रिक्षा थांबवली का. एकदाच, दवाखान्याच्या पायऱ्यांवर, चहाचा कप हातात देत म्हणाले, "मी पाकीट उघडलं असतं तर? पण तुमचं अक्षर होतं वर." एवढं बोलून ते आत गेले. त्या वाक्यात त्यांनी स्वतःलाही धरलं होतं आणि मलाही सोडलं नव्हतं.

औषधांची चौथी फेरी झाल्यावर पुन्हा सगळं रक्त तपासलं. नऊ पानं. मी ती ओळ न ओळ वाचली, शेरे वाचले, सहीसुद्धा वाचली. ग्लोब्युलिन पुन्हा चढलेलं, रक्त पुन्हा उतरलेलं. औषध लागू पडत नव्हतं. अक्का खिडकीशी उशीला टेकून बसली होती. मी पानं परत पाकिटात घातली तर म्हणाली, चार ओळी लिहून दे. मी म्हटलं, मी आता कुणाला लिहून देत नाही अक्का, मी तोंडी सांगते, सगळं सांगते. ती म्हणाली, "मला लिहून दे. डाक्टरचं मला वाचता येत नाय. मला तुझंच अक्षर येतं." ते खरंच होतं. मला अक्षर तिनंच गिरवून दिलं होतं, पाटीवर, तिची शाळा सुटल्यावर.

मग मी लिहिलं. या वेळी निवडलं नाही, आणि मऊही केलं नाही. प्रोटीन परत वाढलंय, म्हणजे आजार परत वाढतोय. रक्त कमी झालंय, भरावं लागेल. हे औषध काम करत नाही. आणि मग 'विचार' एवढं लिहून माझा हात थांबला. पुढे काय लिहायचं, दुसरं औषध आहे का? ते आम्ही विचारून बसलो होतो, आणि तिच्या किडनीला ते झेपणार नव्हतं. किती दिवस? ते मला लिहिता येईना.

तिनं कागद माझ्या हातातून घेतला. ओठ हलवत, सावकाश, शब्द लावत वाचला. 'विचार' या शब्दावर तिचं बोट थांबलं, मग ती म्हणाली, "विचारायचं काय राहिलं आता." तिनं कागद पुन्हा वरून खालपर्यंत पाहिला, काहीतरी हरवलंय ते शोधत असल्यासारखा.

"खालची ओळ लिही की," ती म्हणाली. "तुझ्या चिठ्ठीत खाली असते ती."

मी मान हलवली. मला ते लिहिता येणार नाही, म्हटलं. मग तिनं पेन मागून घेतलं, पाकीट मांडीवर धरलं, आणि सुयांनी काळ्यानिळ्या झालेल्या हातानं, सातवीतल्या मुलीच्या अक्षरात, 'विचार' हा शब्द खोडून त्याखाली लिहिलं, बाकी सगळं ठीक.

ते तिनं मला माफ करायला लिहिलं, की टोचायला, की चिठ्ठी अशीच संपते असं तिला वाटायचं म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. तिनं कागदाची घडी घातली, पर्समधली प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि पहिल्या चिठ्ठीबरोबर ठेवून दिली. मग म्हणाली, बाटलीत दोन झाकणं पाणी उरलंय, त्यातलं एक दे.